केंद्रातल्या शिक्षकांचा महिन्याचा वाचनगट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरं जिल्हा परिषदेच्या खेड्यांतल्या शाळांवर काम करणाऱ्या शिक्षकांसाठी आहेत. आमचा गट यवतमाळ जिल्ह्यातल्या एका केंद्राचा आहे. इथे जवळपास पुस्तकाचं दुकान नाही, शाळा एकमेकींपासून पाच-सात किलोमीटरवर आहेत आणि परतीच्या एस.टी.ची वेळ पाळावीच लागते. नवा गट काढणारे लोक भेटले की साधारण हेच प्रश्न विचारतात.

गट कुणाकुणाचा असावा आणि किती जणांचा?

एका शाळेचा गट होत नाही, कारण आपल्याकडे बऱ्याच शाळा द्विशिक्षकी आहेत. म्हणून गट केंद्राचा करावा. सात ते दहा माणसं पुरतात. सहाच्या खाली संख्या गेली आणि त्यातले दोघं लग्नाला गेले, तर बैठकीत जीव राहत नाही. बाराच्या वर गेली तर गप्प बसणारे कायमचे गप्प बसतात, कारण त्यांची पाळी येईपर्यंत वेळ संपलेली असते.

अंगणवाडीच्या ताई किंवा गावातल्या हायस्कूलचे एखादे सर यांना यायचं असेल तर जरूर घ्यावं. केंद्रप्रमुखांनाही घ्यावं, पण सदस्य म्हणून. गट चालवायची जबाबदारी त्यांच्याकडे देऊ नये. त्यांच्या हातात गेला की तो उपक्रम होतो, उपक्रमाचा अहवाल मागतात, अहवालाला फोटो लागतो, आणि तिसऱ्या महिन्यापासून लोक फोटोपुरते येतात. हजेरीचा कागद ठेवायचा नाही आणि फोटो कुठेही अपलोड करायचे नाहीत, हे पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर ठरवून घ्यावं.

बैठक केव्हा आणि कुठे घ्यावी?

शिक्षण परिषदेच्या दिवशी सगळे तसेही जमतात, म्हणून त्याच संध्याकाळी बैठक जोडून घ्यायचा मोह होतो. तसं करू नये. दिवसभर सूचना ऐकून माणूस थकलेला असतो, त्यात चारची गाडी गाठायची असते. त्यापेक्षा महिन्यातला एक ठरलेला शनिवार धरावा. शनिवारी शाळा सकाळची असते. बारा वाजता केंद्रशाळेच्या एका वर्गात बसायचं आणि सव्वा वाजता उठायचं. सव्वा तास पुरे होतो.

बैठक कुणाच्या घरी घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. घरी घेतली की त्या घरच्या बाईचा दिवस चुलीपाशी जातो आणि ती स्वतः सदस्य असली तर तिलाच चर्चेत बसता येत नाही. केंद्रशाळेजवळच्या हॉटेलातून आलूपोहे आणि चहा मागवावा, पैसे वर्गणीतून द्यावेत.

मे महिना सोडून द्यावा. विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात आणि तेव्हा ज्यांच्या घरी शेती आहे ते पेरणीत असतात, म्हणून पहिली बैठक जुलैतच धरावी.

गावात पुस्तकं मिळत नाहीत. सगळ्यांना प्रती कशा पुरवायच्या?

माझ्या मते गट टिकणार की नाही ते इथेच ठरतं, म्हणून हे नीट सांगतो.

नऊ जणांचा गट आहे आणि पुस्तकाच्या तीन प्रती आहेत असं धरा. एका प्रतीमागे तीन वाचक येतात. महिन्याचे तीस दिवस धरले, तर पहिले तीन दिवस पुस्तक पोचवायला राखून ठेवावेत. राहिले सत्तावीस. म्हणजे प्रत्येकाच्या हाती पुस्तक नऊ दिवस राहतं. दीडशे पानांचं पुस्तक असेल तर रोजची सतरा पानं होतात. शाळा, घर, ऑनलाइन माहिती भरणं हे सगळं सांभाळून अर्ध्या-पाऊण तासात सतरा पानं वाचता येतात. आता तीनशे पानांचं पुस्तक घ्या. रोजची चौतीस पानं होतात आणि ती कुणाच्यानं होत नाहीत. मग पहिला वाचक पुस्तक दोन दिवस जास्त ठेवतो, दुसरा चार दिवस ठेवतो आणि तिसऱ्याच्या हाती ते बैठकीच्या आदल्या रात्री येतं. तो पुढच्या महिन्यापासून येईनासा होतो, आणि आपण समजतो की त्याला वाचनाची आवड नाही.

तेव्हा पुस्तक ठरवायच्या आधी हा भागाकार करावा. पानांना दिवसांनी भागल्यावर वीसच्या वर आकडा आला, तर एक प्रत वाढवावी किंवा पुस्तक दोन महिन्यांना वाटून घ्यावं.

तीन वाचकांची साखळी बांधताना रोजच्या रस्त्याचा विचार करावा. तालुक्याहून एकाच रस्त्याने गाडीवर येणारे तिघं एका साखळीत असले, की पुस्तक फाट्यावर हातोहात जातं. साखळीचा क्रम दर महिन्याला फिरवावा. पहिला वाचक बैठकीपर्यंत बरंच विसरतो आणि शेवटचा ताजा असतो, त्यामुळे एकाच माणसाला कायम पहिलं ठेवणं बरं नाही. पहिल्या वाचकाने पुस्तक पुढे देण्याआधी आपल्याला अडलेल्या दोन-तीन जागा कागदावर उतरवून तो कागद स्वतःजवळ ठेवावा. पुस्तकात पेन्सिलच्या खुणा मात्र करू नयेत, कारण पुढचा वाचक मग तुमच्या डोळ्यांनी वाचतो.

प्रती आणायच्या दोन वाटा आहेत. महिन्याला माणशी पन्नास रुपये काढले तर नऊ जणांचे साडेचारशे होतात. त्यात लहान पुस्तकाच्या एक-दोन प्रती येतात. अमरावती, यवतमाळ किंवा नागपूरला कुणी जात असेल तेव्हा आणाव्यात. दुसरी वाट ग्रंथालयाची आहे. १९६७च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेली वाचनालयं तालुक्याला आणि मोठ्या गावांतही आहेत. त्यांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात आणि त्यांना शासनाचं अनुदान मिळतं. बऱ्याच ठिकाणी फक्त पेपर वाचणारे येतात, कपाटं बंद असतात. तिथल्या ग्रंथपालांना जाऊन भेटा आणि चार महिन्यांची यादी आधी हातात द्या. दरवर्षी अनुदानातून पुस्तकं घ्यावी लागतात, त्यात तुमच्या यादीतलं एखादं आलं तर एक प्रत वाचते. शाळेच्या स्वतःच्या कपाटातही काय पडलं आहे ते एकदा खाली काढून बघावं.

पीडीएफ गटावर टाकून दिली तर चालणार नाही का?

लेखक हयात असताना आणि त्यांच्या निधनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षांपर्यंत पुस्तकावर हक्क असतो. व्यंकटेश माडगूळकर २००१ साली गेले, म्हणजे त्यांच्या पुस्तकांवरचा हक्क २०६१ संपेपर्यंत आहे. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यामुळे ‘श्यामची आई’ आता सर्वांसाठी मोकळी आहे. जी मोकळी आहेत ती खुशाल फोनवर वाचा. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळानेही आपली बरीच प्रकाशनं संकेतस्थळावर मोफत ठेवली आहेत. बाकीच्यांची चोरून काढलेली पीडीएफ किंवा पूर्ण पुस्तकाची झेरॉक्स फिरवू नये. आपण मुलांना कॉपी करू नका म्हणून सांगतो, तेव्हा आपल्या गटात हे नसावं.

शिवाय फोनवरची लांब कादंबरी पूर्ण होत नाही. मध्येच शाळेच्या गटावर तातडीची माहिती मागणारा मेसेज येतो आणि पुस्तक तिथेच राहतं.

पुस्तक कसं निवडायचं?

मत घेऊन निवडलं की सगळ्यांना आधीपासून माहीत असलेलंच नाव निवडून येतं. आमच्याकडे पाळीनं निवड होते. ज्याची पाळी, त्याने स्वतः पूर्ण वाचलेली दोन पुस्तकं सुचवायची आणि गटाने त्यातलं एक घ्यायचं. ‘स्वतः वाचलेलं’ ही अट सोडू नये. ऐकीव कीर्तीवर आणलेलं पुस्तक अनेकदा निम्म्यात अडकतं आणि मग कुणालाच त्याची बाजू मांडता येत नाही.

सुचवणाऱ्याने तीन गोष्टी सांगाव्यात. पानं किती, प्रती कुठून मिळतील, आणि या पुस्तकात असा कोणता माणूस आहे ज्याच्या एखाद्या निर्णयावर आपल्यात दोन मतं होतील. तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल तर पुस्तक उत्तम असूनही चर्चेला जड जातं. थोरांची गौरवपर चरित्रं आणि यशाची सूत्रं सांगणारी पुस्तकं इथेच अडतात. ती वाचावीत, पण गटात त्यांच्यावर सगळे माना डोलावतात आणि वीस मिनिटांत बोलणं संपतं. निसर्गावरच्या ललितलेखनाचंही थोडं असंच आहे. मारुती चितमपल्लींचे नवेगाव-नागझिऱ्याच्या रानावरचे लेख आपल्या लोकांना फार आवडतात, पण त्यांची बैठक वादाची होत नाही. अशा वेळी एक लेख मोठ्यानं वाचावा, मग आपापल्या गावची झाडं-पाखरं आणि त्यांची आपल्याकडची नावं यावर बोलावं. त्या दिवशी वाद झाला नाही म्हणून बिघडत नाही.

आत्मकथन, लहान कादंबरी आणि कथासंग्रह यांचा क्रम आलटून पालटून ठेवावा. सलग तीन महिने दुष्काळ आणि मरण आलं की लोक दमतात, हेही लक्षात असू द्यावं.

पहिलं पुस्तक कोणतं घ्यावं? एखादी बैठक कशी चालते ते सांगाल का?

शिक्षकांच्या गटाने माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’पासून सुरुवात करावी, असं मी सांगतो. १९५५ सालची ही कादंबरी दीडशे पानांच्या आत संपते, भाषा सोपी आहे, आणि ती सांगणारा राजाराम हा एकशिक्षकी शाळेवर नेमलेला तरुण मास्तर आहे. माणदेशातली धनगरांची वस्ती आहे आणि पोरं मेंढरांमागे जातात, त्यामुळे मास्तर पोचतो तेव्हा शाळेत कुणी नसतं. पुढे तो लोकांची पत्रं लिहितो, त्यांची तालुक्याची कामं करतो, त्यांच्या भांडणात पडतो, आणि गावाकडून कष्ट करून घेऊन तालीम बांधतो. उद्घाटनाला संस्थानचे राजे येतात. नंतर दुष्काळ पडतो आणि माणसं मेंढरं घेऊन निघून जातात. आपल्यातल्या कुणालाही यात परकं काही वाटत नाही.

बैठकीची सुरुवात मतापासून करायची नाही. प्रत्येकाने पुस्तकातला एक परिच्छेद निवडून आणायचा आणि फक्त वाचून दाखवायचा. का निवडला हे सांगायचं नाही. नऊ जणांचं वाचन पंधरा-वीस मिनिटांत होतं. यात दोन गोष्टी साधतात. एक म्हणजे सगळ्यात लाजरा माणूसही पहिल्याच फेरीत सगळ्यांसमोर बोलून मोकळा होतो. दुसरं म्हणजे कोणत्या भागावर जास्त जण थांबले ते कळतं. ‘बनगरवाडी’च्या वेळी आमच्याकडे बरेच जण तालमीच्या भागावर थांबले होते.

मग एक प्रश्न ठेवायचा. तो आधी लिहून आणलेला असावा, आणि पुस्तक सुचवणाऱ्याने तो ठेवू नये, कारण तो नकळत आपल्या आवडीची बाजू घेतो. आमचा प्रश्न असा होता: मास्तरची नेमणूक शाळेसाठी होती, मग त्याने सगळी ताकद तालमीवर का लावली, आणि ते बरोबर होतं का?

एका मॅडमचं म्हणणं सरळ होतं. पोरं वर्गात टिकवणं हे त्याचं काम होतं, तालीम बांधून त्याने स्वतःचं नाव केलं. त्यावर एक सर म्हणाले, “मॅडम, तुमची गोष्ट बराबर हाये, पण नुसती शाळा उघडून बसला असता तं गावानं त्याले आपला मानला असता का?” तिसऱ्याने विचारलं, की तालीम हवी होती ती गावाला की मास्तरला? मग सगळे पुस्तक उघडून तो भाग शोधू लागले. लोक बोलता बोलता पुस्तकाकडे परत गेले, म्हणजे चर्चा लागली असं समजावं. पुढे बोलणं आपल्याकडच्या कापूस वेचणीवर आलं. दिवाळीनंतर वेचणी लागली की चौथी-पाचवीची पोरं घर सांभाळायला राहतात, पट असतो पण वर्ग रिकामा दिसतो. तेव्हा शिक्षकाने वेचणीच्या वेळा पाहून शाळेचं काम बदलावं की शाळेची वेळ धरून बसावं? हा प्रश्न राजारामचाही आहे आणि आपलाही आहे.

शेवटची दहा मिनिटं दुष्काळाच्या भागाला राखून ठेवली होती. त्यावर फार कुणी बोललं नाही. तो भाग पुन्हा मोठ्यानं वाचला आणि उठलो.

आमच्याकडे सगळे “छान आहे” म्हणतात आणि गप्प बसतात. काय करावं?

बहुतेक वेळा प्रश्नच तसा असतो. “पुस्तक कसं वाटलं?” याला “छान” हेच उत्तर येणार. “लेखकाला काय सांगायचं आहे?” असं विचारलं की परीक्षेचा पेपर होतो आणि सगळे आदर्श उत्तर शोधू लागतात. आपण शिक्षक असल्यामुळे ही सवय आपल्यात जास्तच आहे.

प्रश्न एका माणसाच्या एका कृतीवर असावा आणि त्याचं उत्तर पुस्तकात बोट ठेवून देता यावं. तिने घर का सोडलं नाही? त्याने ही गोष्ट बायकोपासून का लपवली? ज्याच्यामुळे हे सगळं घडलं तो माणूस पुस्तकात एकदाही का बोलत नाही? शेवटचा प्रकार मला सगळ्यात जास्त आवडतो, कारण त्याने वाचलेलं पुस्तक पुन्हा चाळावं लागतं.

चर्चा उतरणीला लागली हे ओळखायच्या खुणा आहेत. लोक कथा पहिल्यापासून सांगू लागतात. किंवा बोलणं पुस्तकावरून बदल्यांवर, पगाराच्या उशिरावर, शालार्थवर घसरतं. पाच मिनिटं तसं चालू द्यावं, माणसं त्यासाठीही भेटतात. मग कुणीतरी दुसरा परिच्छेद वाचायला घ्यावा. “विषयावर या” असं म्हणण्यापेक्षा वाचन सुरू केलेलं बरं, कुणाचा मान दुखावत नाही.

गप्पता आली तर लगेच भरून काढू नका. मनातल्या मनात वीसपर्यंत मोजा. आपल्याला वर्गात प्रश्न विचारून तीन सेकंदांत स्वतःच उत्तर द्यायची सवय लागलेली असते.

वरिष्ठ बसले की कुणी बोलत नाही.

आपल्या खात्यात हे होणारच. मुख्याध्यापक किंवा केंद्रप्रमुख आधी बोलले की बाकीचे त्यांच्या मताला जोड देतात. म्हणून बोलायचा क्रम नोकरीच्या उलट ठेवावा. सगळ्यात नव्या शिक्षकाने आधी बोलावं आणि सगळ्यात ज्येष्ठांनी शेवटी. हे ज्येष्ठांना बैठकीत सांगू नये, आधी घरी जाऊन सांगावं: “सर, तुम्ही शेवटी बोलाल तर पोरं मोकळी बोलतील.” बहुतेक जण आनंदाने ऐकतात. बसताना खुर्च्या गोल मांडाव्यात, टेबल काढून टाकावं. टेबलामागे माणूस बसला की बाकीचे त्याच्याकडे तोंड करून बोलतात.

एखादे सर एकटेच अर्धा तास बोलत असतील तर पुढच्या महिन्याचा प्रश्न त्यांच्याकडे द्या. प्रश्न ठेवणाऱ्याने त्या दिवशी फक्त विचारायचं, स्वतःचं मत शेवटी दोन वाक्यांत सांगायचं, असा नियम ठेवला की ते आपोआप ऐकू लागतात.

वऱ्हाडी बोलीतलं पुस्तक घ्यावं का? आमच्यात बाहेरच्या जिल्ह्यांतले शिक्षकही आहेत.

जरूर घ्यावं. उद्धव शेळके यांची ‘धग’ ही १९६० सालची कादंबरी वऱ्हाडातली आहे आणि तिच्यातली माणसं वऱ्हाडी बोलतात. कौतिक ही त्यातली बाई संसार उभा करायला झटते आणि नवरा महादेव तिच्या कष्टांना साथ देत नाही. ही ‘बनगरवाडी’पेक्षा मोठी आहे, तेव्हा वरचा भागाकार करून दोन महिन्यांना घ्यावी.

मराठवाड्यातून किंवा पश्चिम महाराष्ट्रातून आलेल्या शिक्षकांना पहिली तीस-चाळीस पानं जड जातात. त्यावर उपाय एकच. पहिली काही पानं बैठकीत इथल्या कुणीतरी मोठ्यानं वाचून द्यावीत. कानावर ‘माह्या’, ‘तुले’, ‘करून राहिली’ पडलं की डोळ्यांना पुढचं जमतं. या वाचनाचा आणखी एक लाभ मी पाहिला आहे. वर्गात पोरांची बोली ‘अशुद्ध’ म्हणून खोडणारे शिक्षक, तीच बोली छापलेल्या कादंबरीत सगळं दुःख आणि सगळं शहाणपण पेलते हे पाहून थांबतात. त्या महिन्याचा प्रश्न त्यावरच ठेवावा: कौतिक प्रमाण मराठीत बोलली असती तर कोणता प्रसंग उभाच राहिला नसता?

जातीबद्दलचं पुस्तक घेतलं तर वातावरण बिघडेल का?

आपण एकत्र नोकरी करतो, रोज तोंड पाहायचं असतं, म्हणून ही भीती खरी आहे. तरी दया पवारांचं ‘बलुतं’ किंवा उर्मिला पवारांचं ‘आयदान’ यांसारखी आत्मकथनं यादीतून गाळणं मला पटत नाही. ज्या शाळेत सगळ्या वस्त्यांमधली पोरं एकत्र बसतात, तिथल्या शिक्षकांनी ती वाचायलाच हवीत.

काळजी एकाच गोष्टीची घ्यायची. गटातल्या दलित सहकाऱ्याकडे वळून “तुम्हालाही असे अनुभव आले असतील ना?” असं कुणी विचारू नये. विचारणारा आपुलकीने विचारतो, पण त्या माणसाला त्या क्षणी वाचक राहू दिलं जात नाही, साक्षीदार करून बसवलं जातं. त्याला सांगायचं असेल तर तो सांगेल. म्हणून या महिन्यात प्रश्न पुस्तकाच्या आत ठेवावेत. लेखकाने स्वतःच्या घरातली कोणती गोष्ट झाकली नाही आणि ती उघडी करायला त्याला काय किंमत पडली असेल? शाळेत घडलेला प्रसंग असेल तर त्या शिक्षकाने काय करायला हवं होतं? आपल्या सगळ्यांना उत्तर द्यावं लागतं असा प्रश्न हा आहे, आणि तो एकट्या कुणावर येत नाही.

“आता असं काही राहिलं नाही” हे वाक्य एकदा तरी येतंच. त्यावर भांडत बसू नये. पोषण आहाराच्या पंगती, गावातली हँडपंपं, वस्त्यांची नावं यांवर आपण शिक्षक म्हणून काय पाहतो एवढंच विचारावं आणि ज्याने वाक्य उच्चारलं त्यालाच आधी बोलू द्यावं.

वाचून झालं नाही तर यावं का?

यावंच. फक्त दोन गोष्टी पाळाव्यात. आपण कुठपर्यंत वाचलं ते सुरुवातीला सांगावं आणि पुढचा शेवट उघड झाला म्हणून तक्रार करू नये. अर्धं वाचलेला माणूस कधी कधी उपयोगी पडतो. तो “पुढे काय होईल असं तुम्हाला वाटलं?” याचं खरं उत्तर देऊ शकतो, बाकीच्यांना ते आता देता येत नाही.

निम्म्याहून जास्त लोकांचं वाचून झालं नसेल, तर दोष पुस्तकाच्या जाडीचा किंवा साखळीचा असतो. लोकांना बोलण्यापेक्षा साखळी तपासावी.

दिवाळी, वेचणी, निवडणुकीची ड्युटी असते. तेव्हा गट बंद ठेवावा का?

बंद ठेवू नये, हलका करावा. दिवाळीच्या महिन्यात दिवाळी अंक घ्यावेत. १९०९ साली ‘मनोरंजन’ने काढलेल्या अंकापासून ही परंपरा चालू आहे आणि आपल्यासाठी ती फार सोयीची आहे. प्रत्येकाने वेगळा अंक घ्यायचा, त्यातली एक कथा किंवा एक लेख निवडून बाकीच्यांना सांगायचा, मग अंकांची अदलाबदल करायची. नऊ अंक पुढचे सहा महिने फिरत राहतात. ड्युटीच्या काळात ‘माणदेशी माणसं’मधलं एकच व्यक्तिचित्र बैठकीतच वाचून त्यावर बोलता येतं, घरून काही वाचून यावं लागत नाही.

मार्चमध्ये वर्षअखेरीची कामं असतात आणि ऊन चढतं, तेव्हा बैठक पाऊण तासावर आणावी.

बदली झाली की माणूस जातो. त्याच्याकडचं पुस्तक आणि वर्गणीचं काय?

गटाची पुस्तकं गटाचीच राहतात. आतल्या पानावर केंद्राचं नाव आणि घेतल्याचं साल लिहावं, आणि एका वहीत कुणाकडे काय गेलं याची नोंद ठेवावी. ही वही दरवर्षी दुसऱ्याने सांभाळावी. आंतरजिल्हा बदलीचा आदेश आला की माणसाला दोन दिवसांत निघावं लागतं, म्हणून यादी लागल्याचं कळताच वही सांभाळणाऱ्याने आठवण करावी. भरलेली वर्गणी परत द्यायची नाही, पण जाणाऱ्याने गटाच्या संग्रहातलं एक पुस्तक आपल्या आवडीने घेऊन जावं असा आमचा नियम आहे. बहुतेक जण स्वतः सुचवलेलंच घेतात. त्या पुस्तकाची जागा पुढच्या महिन्याच्या वर्गणीतून भरून काढतो.

पुस्तक भिजलं, फाटलं किंवा हरवलं तर भरपाई मागू नये. पावसाळ्यात गाडीच्या डिकीत पुस्तक भिजतंच. साखळीबरोबर एक जाड प्लास्टिकची पिशवी फिरवावी आणि ती पिशवीसुद्धा वहीत लिहावी.